पूर्वेस …जी बिन रामजी

फोटो रात्री साडेदहाला आला. माण तालुक्यातल्या एका गावचा मुलगा, पुण्यात नोकरीला. माझा नंबर त्याला त्याच्या मित्राकडून मिळाला होता. "काकू, आमच्या पणजोबांच्या जमिनीचा कागद आहे. मोडीत आहे. काय लिहिलंय ते टाईप करून द्याल का? चुलते मूळ कागद बाहेर काढू देत नाहीत, घाईत एवढाच फोटो काढता आला."

गेली सात वर्षं मी लोकांचे घरगुती मोडी कागद वाचून देते. त्यातले निम्म्याहून जास्त कागद मी हातात धरलेलेच नाहीत, फक्त फोटो बघितलेत. म्हणजे मी कागद वाचत नाही, कागदाचा फोटो वाचते. हा फरक अंगी मुरायला मला एक चूक करावी लागली.

तेव्हा एका कुटुंबाला मी खरेदीखत टाईप करून दिलं होतं. त्यातला सर्वे नंबर मी '१९' असा स्वच्छ लिहिला. फोटोत दुसऱ्या आकड्याचं पोट अंधुक होतं, पण मला तो नऊच वाटला आणि वाटलं ते मी लिहिलं. त्या लोकांनी १९ नंबरचे जुने उतारे मिळावेत म्हणून अर्ज केला, दोन खेपा घातल्या, आणि हाती आली दुसऱ्याच कुणाच्या जमिनीची कागदपत्रं. पुढे मूळ कागद बघायला मिळाला. तो आकडा एक होता, जमीन ११ नंबरची. घरातल्या म्हाताऱ्या आजी मला काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे दोन दिवस आणि गाडीभाडं माझ्या एका आकड्यापायी गेलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. चुकीचं वाचलं याचं मला तितकं वाईट वाटत नाही, अंधुक आकडा कोणाच्याही हातून चुकू शकतो. तो अंधुक होता हे मी त्यांना सांगितलं नाही, याचं वाटतं.

तर हा नवा फोटो. बावीस ओळींचं खत, वर व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा स्टांप. फोन तिरका धरलेला, त्यामुळे वरच्या ओळी मोठ्या आणि खालच्या बारीक होत गेलेल्या. उजवी कड सरळ कापलेली. तिकडे टेबल दिसत नाही, कागदाची कडही दिसत नाही, ओळ चालू असतानाच फोटो संपतो. मधून उभी घडी, घडीजवळ कागद फुगलेला. शिवाय फोटो काढताना हात हलला होता.

हात हलला होता हे कळलं कसं, तर मोडीत लिहिणारा आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो. या फोटोत ती रेघ धारदार दिसत होती आणि उभे काने मात्र फिस्कटलेले. म्हणजे फोन आडवा सरकला होता. आडव्या हालचालीत आडव्या रेघा आपल्याच अंगावर सरकतात म्हणून टिकतात, उभ्या रेघा पसरतात. फोकस चुकला असता तर दोन्ही सारख्याच मऊ झाल्या असत्या. हे आधीच कळून घेतलेलं बरं, कारण मग कोणत्या खुणांवर भरवसा ठेवायचा ते ठरतं. इथे काना, दंड, आकड्यांच्या उभ्या रेघा या सगळ्यांवर संशय घ्यायचा होता.

मी त्याला पहिला निरोप पाठवला: "फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, साधा फोटो म्हणून पाठवलास तर तो बारीक होऊन येतो. आणि ॲपमधून उजळ, धारदार वगैरे काही करू नकोस." धारदार करणारं बटण अक्षर परत आणत नाही. जिथे डाग आहे तिथे डागाला काळी कड येते आणि ती वेलांटीसारखी दिसायला लागते. मग मी नसलेली वेलांटी वाचते, तीही आत्मविश्वासाने.

मोठा फोटो आला. शिरोरेघ आडवी होईपर्यंत तो फिरवून घेतला आणि वाचायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं टिपण न बघता पुन्हा एकदा पूर्ण वाचला. दोन्ही वाचनं जिथे जुळली नाहीत त्या जागा लाल पेनाने खुणावल्या. अशा सहा निघाल्या. त्यातल्या तीन सांगण्यासारख्या आहेत, कारण तिघींची जात वेगळी आहे.

पहिली जागा तारखेची. पहिल्या ओळीत 'शके १८१' पर्यंत लख्ख दिसतं. चौथा आकडा घडीच्या सावलीत. त्यापुढे संवत्सराचं नाव: पहिलं अक्षर 'वि', मग दोन अक्षरांएवढा धुरकट पट्टा, मग 'नाम सं' आणि तिथे फोटो संपला. पुढच्या ओळीची सुरुवात 'रे' ने. म्हणजे शब्द 'संवत्सरे', त्यातलं 'वत्स' कापलं गेलं. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली: प्रत्येक ओळीच्या शेवटी साधारण दोन ते तीन अक्षरं फोटोबाहेर गेली आहेत, याचं मापच हाती आलं.

आता साल. साठ संवत्सरं ठरलेल्या क्रमाने येतात. शकात बारा मिळवून साठाने भागलं की बाकी राहते तो संवत्सराचा क्रमांक. शके १८१० ते १८१९ मध्ये 'वि' ने सुरू होणारी नावं किती? १८११ विरोधी, १८१२ विकृती, १८१५ विजय. बाकी एकही नाही. विलंबी आणि विकारी येतात, पण ते १८२० आणि १८२१ ला, आणि 'एकशे एक्याऐंशी' पर्यंतचे तीन आकडे तर मला स्वच्छ दिसत होते. दहा शक्यतांच्या तीन झाल्या.

तीनची एक करता येईल का म्हणून मी बराच वेळ घालवला. तिन्ही नावं तीन-तीन अक्षरांची, म्हणून पट्ट्याची रुंदी उपयोगाची नाही. पण विरोधीत 'वि' च्या पुढच्या दोन्ही अक्षरांवर रेघेच्या वर काहीतरी हवं, विकृतीत शेवटच्यावर वेलांटी हवी, विजयमध्ये काहीच नको. मी रेघेच्या वरचा भाग मोठा करून बघितला. काही दिसलं नाही. झालं, विजय, असं मन म्हणायला लागलं. मग लक्षात आलं की त्याच जागी घडीची सावली आहे आणि त्या सावलीत मला शिरोरेघसुद्धा दिसत नाही. जिथे नक्की असलेली रेघ दिसत नाही, तिथे वेलांटी दिसली नाही याला काय अर्थ? उजेडात काही दिसलं नाही तर ते नाही असं म्हणता येतं. अंधारात नाही म्हणता येत.

तेव्हा मी साल असं लिहिलं: शके १८११, १८१२ किंवा १८१५. आणि खाली कारण.

दुसरी जागा रकमेची. नवव्या ओळीत 'रुपये ७' आणि पुढचा आकडा फिस्कटलेला, चार की पाच ते कळेना. पण जुन्या खतांत रक्कम एकदा लिहून भागवत नसत. आकड्यात लिहायची, तिची निमपट लिहायची म्हणजे 'निमे', आणि अक्षरीही लिहायची. कोणी मागाहून आकडा वाढवला तर निमे जुळत नाही, असा तो बंदोबस्त. फसवणूक टाळायला केलेली ती सोय धूसर फोटोतही कामी येते.

निमे होतं '३७' आणि त्यापुढे एक उभा धब्बा. पाव म्हणजे एक दंड, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. फोन आडवा सरकल्यावर दोन दंड एकात एक मिसळतात, त्यामुळे त्या धब्ब्यात एक दंड आहे की तीन, ते सांगता येईना. ३७। असेल तर रक्कम साडेचौऱ्याहत्तर, ३७॥ असेल तर पंच्याहत्तर, ३७॥। असेल तर साडेपंच्याहत्तर. ओळीच्या शेवटी 'अक्षरी पाऊ' आणि फोटो संपला. पुढची ओळ 'रोख' ने सुरू.

'पाऊ' ने सुरू होणारी रक्कम म्हणजे पाऊणशे, नाहीतर 'पाऊणेदोनशे' वगैरे. पाऊणेदोनशेला निमे ३७ होत नाही, शिवाय चार-पाच अक्षरांची जागा लागते आणि ओळीमागे गेलीत दोन-तीन. पाऊणशेला 'णशे' एवढंच हवं. तीन अर्धवट साक्षीदार एकाच आकड्यावर येऊन थांबले: पंच्याहत्तर.

इथे मी शंका ठेवली नाही. पण मी ते 'वाचलं' असंही लिहिलं नाही. सात वाचला, पाच काढला. या दोन क्रिया वेगळ्या आहेत आणि ज्याला कागद द्यायचा त्याला तो वेगळेपणा दिसला पाहिजे, कारण उद्या माझ्या हिशेबातली चूक दुसऱ्या कोणाला सापडू शकते. चौकटी कंसात टाकलेला पाच बघून तो माणूस हिशेब तपासू शकेल. नुसता पाच बघितला तर तपासायचं काही आहे हेच त्याला कळणार नाही.

जाता जाता एक. तेव्हाच्या १८७७ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराचा दस्त नोंदवणं सक्तीचं होतं, त्याखालचा ऐच्छिक. हा पंच्याहत्तरचा. म्हणजे नोंदणी कचेरीत याची नक्कल असेलच असं नाही. कदाचित तो चुलत्यांच्या पेटीतला कागद हा जगातला एकच. मग तर माझ्या नकलेत काय पक्कं आणि काय नाही, ते जास्तच नीट लिहायला हवं होतं.

तिसरी जागा चतुःसीमेची. शेताच्या चारी बाजूंना कोण, ते खतात लिहितात. पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस विकणाऱ्याचंच उरलेलं शेत. ही तिन्ही स्वच्छ. पूर्वेला मात्र ओळीच्या शेवटी 'पूर्वेस' आणि पुढच्या ओळीला 'जी बिन रामजी याचे शेत', बिन म्हणजे मुलगा. नावाचा पहिला भाग फोटोबाहेर.

आणि नेमकं हेच नाव त्या मुलाला हवं होतं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "काकू, शेजारी आमच्याच भावकीतला तुकाराम आहे का ते बघा. त्याच्या बापाचं नाव रामजी होतं." मी वाचायच्या आधी असं काही सांगू नका म्हणून लोकांना सांगते, पण सांगितल्याशिवाय कोणाला राहवत नाही. एकदा कानावर पडलं की डोळा तेच शोधतो. म्हणून सकाळचं दुसरं वाचन महत्त्वाचं. त्यात मी मुद्दाम शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेले, म्हणजे मजकुराचा ओघ मला पुढे ढकलत नेणार नाही.

नावाबद्दल काय म्हणता येत होतं? शेवट 'जी'. त्याआधी दोन-तीन अक्षरं. बापाचं नाव रामजी. तुकाराम बसत नाही, कारण पुढच्या ओळीतलं 'जी' स्वच्छ आहे. "तुकारामजी असेल," तो म्हणाला. चार अक्षरं होतात, आणि त्याच खतात बाकी कोणाच्या नावाला आदरार्थी 'जी' जोडलेला नाही. अशक्य म्हणत नाही, पण आधार नाही.

"मग काय असेल? शिवाजी? संभाजी?"

इथे मी यादी दिली नाही. सालाच्या बाबतीत दिली, इथे नाही, आणि हे मी विचार करून ठरवलं होतं. सालाची तीन नावं कागदानेच निवडून दिली होती. चौथं असूच शकत नव्हतं. इथे शिवाजी, संभाजी, तानाजी, बाळाजी, राणोजी, अशी पाहिजे तेवढी नावं बसतात. त्यातली दोन मी उदाहरणादाखल लिहिली असती तर महिन्याभराने घरात "काकूंनी शिवाजी किंवा संभाजी म्हणून सांगितलंय" असं झालं असतं. वंशावळीत नावं अशीच शिरतात.

हे सगळं मी त्याला पाठवलं ते असं. पूर्ण खत नाही देत, या तीन ओळीच देते:

शके १८१[?] वि[..] नाम सं[वत्स]रे
रुपये ७[५] निमे ३७[॥] अक्षरी पाऊ[णशे] रोख
पूर्वेस [फोटोत नाही, २–३ अक्षरं]जी बिन रामजी याचे शेत

कंसाबाहेर आहे ते मी डोळ्यांनी वाचलं. कंसात अक्षर आहे ते दिसलं नाही, इतर मजकुरावरून भरलं. कंसात टिंबं आहेत तिथे काहीतरी लिहिलेलं आहे पण वाचता येत नाही, एका टिंबाला एक अक्षर. आणि 'फोटोत नाही' म्हणजे तिथलं मला बघायलाच मिळालेलं नाही. टिंबं आणि 'फोटोत नाही' हे वेगळं ठेवायचं कारण साधं आहे: पहिल्यावर नवा फोटो कदाचित उपाय ठरेल, दुसऱ्यावर बहुतेक वेळा ठरतोच.

पूर्वी मी मजकूर सलग टाईप करायचे आणि शेवटी एक वाक्य लिहायचे, 'फोटो अस्पष्ट असल्याने काही ठिकाणी चूक संभवते.' ते वाक्य कोणाच्याच उपयोगाचं नाही. कुठल्या ठिकाणी, ते त्यात नाही. आणि पहिल्यांदा कोणी मजकूर पुढे पाठवला की ते वाक्य मागे राहतं. 'बहुतेक' या शब्दाचंही तसंच. शंका त्या अक्षराला चिकटलेली असली तरच ती अक्षराबरोबर प्रवास करते. टक्केही मी लिहीत नाही. ऐंशी टक्के खात्री म्हणजे काय मोजून आणलं, ते मला स्वतःलाच सांगता येणार नाही.

मुलगा थोडा हिरमुसला. त्याला एक साल आणि एक नाव हवं होतं. मी म्हटलं, "अरे, कागद आहे ना अजून? मग माझ्याकडून का वदवून घेतोस, कागदाला विचार." आणि पुढच्या फोटोसाठी काय करायचं ते लिहून दिलं: दिवसा खिडकीशी काढायचा, फ्लॅश नको. घडी दाबून सपाट करायची नाही, कागद मोडेल. घडीच्या दोन्ही बाजूंचे वेगळे दोन फोटो घ्यायचे, प्रत्येक वेळी फोन त्या उताराला समांतर. पूर्ण कागदाच्या फोटोत चारही बाजूंना टेबल दिसलं पाहिजे, म्हणजे काही कापलं गेलं नाही याची खात्री पटते. आणि पाठीमागची बाजू. लोक मागची बाजू कोरी समजून सोडतात, पण स्टांप विकणारा आपली नोंद बहुधा तिथेच करतो.

बारा दिवसांनी तो गावी गेला आणि सहा फोटो आले.

पाठीवर स्टांपविक्रीची नोंद होती, बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, स्वच्छ: जून १८९३. स्टांप विकत घेण्याआधी त्यावर खत लिहिलं जाणार नाही. शके १८११ आणि १८१२ म्हणजे १८८९ आणि १८९० च्या पाडव्यांपासूनची वर्षं, ती दोन्ही गळाली. राहिलं १८१५, विजय. घडीच्या उताराच्या फोटोत पुढचा 'ज' ही दिसला, त्याच्यावर रेघेच्या वर काही नाही, आणि या वेळी रेघ दिसत होती. चौथा आकडा मात्र घडीत शाई उडाल्यामुळे गेलेलाच आहे. म्हणून मी '१८१५' असं न लिहिता '१८१[५]' लिहिलं.

रकमेत 'पाऊणसे' निघालं, जुन्या वळणाने 'से'. मी कंसात 'शे' भरला होता. अर्थ तोच, पण भरलेलं अक्षर चुकलं हे खरं, म्हणून टिपणात ती दुरुस्ती तारखेसह ठेवली. निमेचे दोन दंडही मोकळे दिसले.

आणि पूर्वेचं नाव. मी तो फोटो उघडायला जरा वेळ लावला. चारही बाजूंना टेबल दिसत होतं, सांगितलं होतं तसं. उजवी कड त्या ओळीजवळ कसरीने खाल्लेली. 'पूर्वेस' नंतर अर्ध्या बोटाएवढं भोक, भोकातून टेबलाचं लाकूड. वरच्या काठावर शिरोरेघेचा तुकडा शिल्लक होता, अक्षराचा एकही अवशेष नाही.

मी मजकूर बदलला. 'फोटोत नाही' काढून 'कागद खाल्लेला, २–३ अक्षरं' केलं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हीकडे नाव नाहीच. पण पहिल्या शेऱ्याने त्याला पुन्हा गावी जायला लावलं असतं, दुसऱ्याने नाही.

त्याला फोन करून सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "काकू, त्या शेजारच्या शेताचा जुना कागद कोणाकडे असेल तर? त्यात पश्चिमेला आमचे पणजोबा असतील आणि लिहून देणाऱ्याचं नाव असेल."

असेल. १८९३ च्या आसपासचा असेल तरच उपयोगाचा, कारण शेत हातबदल झालं तर नावही बदलतं. ते शेत आता तीन घरांत वाटलं गेलंय. त्यातल्या एका घरी पत्र्याची पेटी आहे, पण किल्ली मुंबईला असलेल्या थोरल्या भावाकडे आहे. दिवाळीत तो येणार आहे. तोपर्यंत माझ्या वहीत ती ओळ 'पूर्वेस …जी बिन रामजी' अशीच आहे, आणि त्याच्या घरच्या नकलेतही त्याने ती तशीच ठेवली आहे.